डब्याच्या टेबलावरचे प्रश्न

आम्ही पाच जणी मिरजेच्या. एकाच शाळेत शिकलो, आणि पाचही जणी आज नोकरी करतो. एक सांगलीत बँकेत आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, एक खासगी दवाखान्यात नर्स, एक पुण्याला आयटी कंपनीत, आणि एक वकिलाच्या ऑफिसात टायपिंगपासून फायली लावण्यापर्यंत सगळं करते. पुण्याची महिन्यातून एकदा रेल्वेनं घरी येते, त्या रविवारी आम्ही कुणा एकीच्या घरी जमतो. पूर्वी बोलणं कपड्यांपासून सुरू व्हायचं. अलीकडे ते ऑफिसातल्या प्रश्नांवरच येऊन थांबतं. लग्न कधी? मूल का नाही? पगार किती पडतो? आणि ‘तुमच्यात’ या शब्दानं सुरू होणारे बाकीचे सगळे.

विचारणारी माणसं वाईट नसतात, हे आधी सांगायला हवं. ज्या मॅडम मूल का नाही म्हणून विचारतात, त्याच आपण आजारी असलो की आपलं काउंटर सांभाळतात. म्हणून तर उत्तर देणं अवघड जातं. परक्याला तोडून बोलता येतं, पण ज्यांच्याबरोबर अजून वीस वर्षं रोज डबा खायचा आहे त्यांना कसं तोडणार?

आमच्या बँकवालीची हकिकत सगळ्यात लांबली आणि आम्हा पाचही जणींना तिच्यातून शिकायला मिळालं. तिची परवानगी घेऊन ती इथं सांगतो.

तिच्या लग्नाला सहा वर्षं झालेली. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. ही गोष्ट घरात चार माणसांना माहीत, आणि आम्हाला. शाखेत जेवणाच्या सुट्टीत सात जण एका टेबलाला बसतात. तिथं दर पंधरा दिवसांनी कुणीतरी हसत विचारायचं, “मग, खुशखबर कधी?”

पहिलं वर्ष ती म्हणायची, “अल्लाहची मर्जी.” तिला वाटायचं, यावर पुढं कोण काय बोलणार? पण पुढं बोललं जायचंच. एकानं कोल्हापूरच्या डॉक्टरचं कार्ड आणून दिलं. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, “तुमच्यात दर्ग्याला जातात ना, जाऊन या की एकदा.” तिसऱ्यानं विचारलं, “मिस्टरांची तपासणी केली का?” भर टेबलावर, सात माणसांसमोर. त्या दिवशी तिनं डबा तसाच परत आणला.

मग तिनं थाप मारायची ठरवली. “सध्या आमचा विचार नाही,” म्हणायला लागली. खोटं बोलल्याची टोचणी होतीच, पण त्याहून वाईट पुढं झालं. हे वाक्य टेबलावरून शाखेत आणि शाखेतून साहेबांच्या कानापर्यंत गेलं, आणि जाता जाता बदललं. “तिला आधी करिअर करायचंय” असं झालं, मग “आता विचार करतायत म्हणे” असं झालं. कर्ज विभागाच्या प्रशिक्षणाची यादी निघाली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. तिच्यापेक्षा दोन वर्षं मागून लागलेल्या मुलाचं होतं. कुणीतरी सहज बोलून गेलं, “साहेब म्हणाले, ती बाळंतपणाच्या रजेवर जाईल, तिला पाठवून काय उपयोग?” पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं 2017 पासून मिळते. तो आकडा साहेब लोक पाठ करून ठेवतात. बाई अजून रजेवर गेलेलीसुद्धा नसते आणि तिच्या नावावर रजा मांडून झालेली असते.

त्यानंतर एक दिवस तिचा तोल गेला. मॅडमनी नेहमीचं विचारलं आणि ही म्हणाली, “तुमची दोन पोरं दहावीत गटांगळ्या खातायत, त्यांचं बघा ना आधी.” टेबलावर शुकशुकाट झाला. आठ दिवस कुणी तिच्याशी धड बोललं नाही. आणि माफी कुणाला मागावी लागली? हिलाच. म्हणजे सहा वर्षं जिला टोचलं, तीच शेवटी उद्धट ठरली.

त्या रविवारी ती आमच्याकडं रडली. आम्ही चौघींनी चार सल्ले दिले, सगळे निकामी. वकिलाकडची मात्र थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, “तू दर वेळी कारण देतेस. कारण दिलंस की लोक त्याच्यावर उपाय घेऊन येतात.”

आमच्या मते सगळ्याची किल्ली तिथं होती. ‘अल्लाहची मर्जी’ हेही एक कारण, ‘सध्या विचार नाही’ हेही कारणच. कारण दिलं की समोरच्याला वाटतं, आपल्याला चर्चेला बोलावलंय. मग तो दवा सांगतो, दुवा सांगतो, त्याच्या मावसबहिणीचा किस्सा सांगतो. वकिलाकडचीनं ऑफिसात पाहिलेलं उदाहरण दिलं. उलटतपासणीत ज्या साक्षीदाराला खुलासे द्यायची खोड असते, त्याला वकील सोडत नाहीत, कारण प्रत्येक खुलाशातून नवा प्रश्न निघतो. ‘यावर मला बोलायचं नाही’ या वाक्याला धरायला कुठं जागाच नसते. आणि त्यात खोटंही काही नाही. सांगायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, या दोन गोष्टी एकत्र जमतात, हे आम्हाला तोवर सुचलंच नव्हतं.

मग आम्ही वाक्य तयार करायला बसलो. हसू नका, एका वाक्याला तास लागला. पहिलं झालं ते फार कडक होतं: “हा माझा खासगी प्रश्न आहे.” मराठीत हे वाक्य तोंडावर दार आपटल्यासारखं लागतं. दुसरं झालं ते फार मऊ: “राहू दे ना मॅडम, कशाला तो विषय.” ते लाजल्यासारखं वाटतं आणि समोरच्याला अजून चेव येतो. शेवटी ठरलं ते असं: “मॅडम, मुलांचा विषय मी ऑफिसात बोलत नाही. राग मानू नका.” आधी नातं, मग नकार, शेवटी गोडवा. आवाज खाली, आणि शेवटी ‘ना’ नाही, ‘हं’ नाही, हसू नाही. हसून सांगितलेला नकार लोक नकार मानत नाहीत, हा आमचा सगळ्यांचाच अनुभव.

सराव तिनं घरी केला, आणि तोही सासूबाईंबरोबर. सासूबाई मॅडम व्हायच्या आणि भाकरी थापता थापता विचारायच्या, “काय गं, किती दिवस वाट बघायची आम्ही?” ही उत्तर द्यायची. पहिल्या दिवशी दोघींनाही हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी हात धुतले आणि म्हणाल्या, “मीपण तुला विचारत होते गं पहिल्या वर्षी.” एवढंच बोलल्या आणि पुन्हा परातीकडं वळल्या.

टेबलावर प्रसंग आला तो एका सोमवारी. मॅडमनी विचारलं, हिनं वाक्य म्हटलं. मॅडम म्हणाल्या, “अगं, मी काय परकी आहे का?” इथं बहुतेक जणी घसरतात. समोरची दुखावली असं वाटून आपण नवं काहीतरी सांगायला जातो, आणि पुन्हा कारण देऊन बसतो. हिनं तेच वाक्य, त्याच शब्दांत पुन्हा म्हटलं: “परक्या नाही हो मॅडम. पण मुलांचा विषय मी ऑफिसात बोलत नाही.” शब्द बदलले की समोरच्याला वाटतं भाव करायला जागा आहे. तेच शब्द आले की कळतं, भाव ठरलेला आहे.

दुसरं तिनं केलं ते याहून अवघड. ती उठून गेली नाही. डबा उचलून गेली असती तर भांडण झालं असतं आणि टेबलावरच्या उरलेल्या सहा जणांनी तिच्या पाठीमागं विषय पुरा केला असता. तिनं लोणच्याची बरणी पुढं ओढली आणि मॅडमनाच विचारलं, “हे करवंदाचं का? घरी घातलंय?” आता विचारणारीला परत येण्यासाठी एक वाट मिळाली. मॅडम दोन क्षण थांबल्या आणि करवंदाबद्दल बोलायला लागल्या.

त्या महिन्यात हे तीनदा झालं. चौथ्यांदा कुणी विचारलं नाही. साधारण दीड महिन्यानं त्याच मॅडम स्टेशनरीच्या खोलीत एकट्या भेटल्या आणि म्हणाल्या, “माझी धाकटी जाऊ आठ वर्षं सोसतेय गं. मला कळायला हवं होतं.” हिनं तेव्हाही काही सांगितलं नाही. फक्त त्यांचा हात धरला.

प्रशिक्षणाचं प्रकरण मात्र टेबलावर मिटणारं नव्हतं. त्यासाठी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. तिथंही मुलांवर एक शब्द बोलली नाही. म्हणाली, “साहेब, माझं नाव वगळलं त्याला कामातलं काही कारण आहे का? असेल तर सांगा, मी सुधारते.” साहेब घुटमळले, “तसं नाही, तुमच्या घरच्या जबाबदाऱ्या…” ती म्हणाली, “घरचं मी बघते साहेब. तुम्ही नाव पाठवा.” आणि दुसऱ्या दिवशी तीच विनंती लेखी दिली, तारीख घालून, आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडं ठेवून. पुढच्या तुकडीत नाव आलं. अर्जाशिवाय आलं असतं का, ते आम्हाला सांगता येणार नाही. पण वरिष्ठाचा प्रश्न कामाच्या निर्णयाला चिकटला की तोंडी गोडव्यावर भागत नाही, तो कागदावर आणावा लागतो.

पगाराचं थोडं वेगळं

पगाराच्या प्रश्नाला आमच्यातली शिक्षिका घाबरत नाही. ती म्हणते, सरकारी वेतनश्रेणी छापील असते, सातव्या वेतन आयोगाचा तक्ता कुणीही उघडून पाहावा. तिला विचारणाऱ्याला आकडा माहीतच असतो. त्याला खरं विचारायचं असतं ते पुढचं: त्यातलं सासरी किती, माहेरी किती, आणि मला उसने मिळतील का. म्हणून ती म्हणते, “पगार तक्त्यात आहे सर, खर्च माझ्या वहीत आहे. वही दाखवत नाही.”

नर्सनं मात्र आम्हाला उलटा धडा दिला. तिच्या दवाखान्यात ‘पगार एकमेकींना सांगायचा नाही’ असा दंडक होता आणि तीही तो इमानदारीनं पाळायची. रात्रपाळीत एका सहकारी सिस्टरनं विचारलं तेव्हा तिनं आधी टाळलं. ती सिस्टर म्हणाली, “मी माझा आधी सांगते.” आकडे समोर आले तेव्हा कळलं, तेच काम, तेवढीच वर्षं, आणि आमच्या नर्सला महिना दोन हजार कमी. दोघी मिळून मेट्रनकडं गेल्या. फरक एकदम भरून निघाला नाही, पुढच्या वाढीत अर्धा निघाला. तेव्हा पगाराबद्दल गप्प बसणं म्हणजे नेहमीच अब्रू राखणं असं समजू नये. काही वेळा त्या गप्प बसण्याचा फायदा मालकाला होतो. जो आपला आकडा आधी सांगतो, त्याचं विचारणं बहुधा सरळ असतं. आपला झाकून दुसऱ्याचा विचारणाऱ्याला “भागतं, अल्हमदुलिल्लाह” एवढं पुरे.

‘तुमच्यात’

आता ज्या प्रश्नांवर आम्ही सगळ्यात जास्त वाद घातला, ते. लग्न-मुलांचे प्रश्न ऑफिसातल्या सगळ्याच बायकांना येतात. हे फक्त आपल्याला येतात.

पुण्याच्या कंपनीत एकानं विचारलं, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” “मिरजेच्या.” “नाही, मूळच्या?” “मिरजेच्याच.” “नाही, म्हणजे आधीच्या?” ती म्हणाली, “आधी मिरजेत नदीकडच्या बाजूला राहायचो, आता स्टेशनकडं.” सगळे हसले, तोही हसला, आणि विषय संपला. “तुमचं मराठी किती छान आहे” हेही तिला दर नव्या टीममध्ये ऐकावं लागतं. त्यावर ती म्हणते, “तुमचंही छान आहे.” आमच्यातल्या दोघींना हे उत्तर खोचक वाटतं. तिघींना बरोबर वाटतं. वाद अजून मिटलेला नाही.

पण प्रत्येक ‘तुमच्यात’ मागं डाव नसतो. शाळेत एका गुरुजींनी विचारलं, “तुमच्यात रोज्यात पाणीपण चालत नाही का? मग दुपारी खेळाचा तास मी घेऊ का तुमचा?” याला चोख उत्तर म्हणजे ‘हो’ आणि आभार. खरा जिज्ञासू आणि खोचक यांच्यात फरक कसा करायचा, याची आमच्या शिक्षिकेकडं एक साधी चाचणी आहे. एक वाक्य खरं उत्तर द्यायचं आणि पुढचा प्रश्न ऐकायचा. पुढचा प्रश्न आपण जे सांगितलं त्यातून निघाला, तर माणूस ऐकतोय. आपलं उत्तर हवेत सोडून तो थेट दुसऱ्याच विषयावर गेला, रोज्यावरून तलाकवर, तलाकवरून चार बायकांवर, तर त्याच्याकडं यादी तयार आहे आणि आपण ती संपवायला बांधील नाही.

यादीवाल्याला ती म्हणते, “माझ्या घराबद्दल विचारा, सांगते. सगळ्या समाजाच्या वतीनं बोलायला मला कुणी नेमलेलं नाही.” कुठं काही घडलं आणि सकाळी स्टाफरूममध्ये शिरताच “यावर तुमचं काय म्हणणं?” असं आलं, तर तिचं उत्तर ठरलेलं आहे: “तुम्ही वाचली तीच बातमी मी वाचली सर. वाईट वाटलं, तुम्हालाही वाटलं असेल.” आणि ती हजेरीपट उचलते. पूर्वी ती दर वेळी अर्धा तास खुलासे द्यायची. त्यातून कुणाचं मत बदललं नाही, तिची मधली सुट्टी तेवढी जायची.

एक प्रश्न मात्र असा आहे की त्याला तिनं टाळाटाळ केली नाही. एका सहकाऱ्यानं चारचौघांत विचारलं, “तुमच्यात जात नसते म्हणता, मग ओबीसीतून नोकरी कशी?” इथं गप्प बसलं तर आरोप खरा वाटतो. तिनं शांतपणे सांगितलं, “बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा व्यवसायांवरून पडलेल्या बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत. माझा दाखला पडताळणी समितीनं तपासलाय, तुमचा तपासला तसाच.” आणि त्यावर वाद घातला नाही. माहितीत चूक असेल तर एकदा दुरुस्त करावी. हेतूच वाकडा असेल तर दुसऱ्यांदा करू नये.

हे झालं बरोबरीच्यांचं. पण प्रश्न शरीरावर, नवरा-बायकोच्या नात्यावर घसरला, नको म्हटल्यावरही येत राहिला, तर गोड वाक्याची वेळ संपली. 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि तिच्याकडं घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. आमच्या वकिलाकडचीसारखी ज्यांच्या ऑफिसात चारच माणसं आहेत, त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ‘मूल का नाही’ एवढ्या प्रश्नावर ही तक्रार उभी राहणं कठीण. अश्लील बोलणं, लैंगिक शेरे यांच्यासाठी तो कायदा आहे. तक्रार करायची वेळ आलीच तर तारीख, वेळ, बोललेले शब्द आणि तिथं कोण होतं, हे त्याच रात्री लिहून ठेवलेलं असावं. महिन्यानं आठवून लिहिलं की शब्द बदलतात.

हे सगळं लिहून झाल्यावर आम्हाला एक कबुली द्यायची आहे. गेल्या ईदला आमच्यातल्या एकीच्या घरी शीरखुर्म्याला जमलो होतो. तिची खाला आली, ऐंशीच्या आसपासची. पलंगावर टेकली, पुण्याच्या मुलीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “बेटा, तीस पार केलीस. कुणी बघितलंय का, की मी बघू?” पाठोपाठ बँकवालीकडं वळली, “आणि तू गं, अजून पाळणा नाही?”

आम्ही पाचही जणींनी एकमेकींकडं पाहिलं. तासभर खपून तयार केलेलं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. हुजुरात सूरहची बारावी आयतही आम्हाला माहीत होती, दुसऱ्याच्या आयुष्यात खोदकाम करू नका म्हणून सांगणारी. कुणाच्याच तोंडून काही निघालं नाही. पुण्याची म्हणाली, “खाला, दुआ करा.” बँकवाली खाली बघून वाट्या गोळा करायला लागली.

तेवढ्यात तिच्या सासूबाई आतून आल्या, खालाच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “आपा, मुलांचा विषय आम्ही ईदला बोलत नाही. राग मानू नका. शीरखुर्मा अजून घेणार का?”

खालानं वाटी पुढं केली.